१८५७चा धडा एका कागदावर: कारण, घटना, परिणाम यांचा कालक्रम तक्ता कसा करायचा

इतिहासाच्या उजळणीसाठी केलेले बरेच तक्ते म्हणजे पुस्तकच असतं, फक्त चौकटीत बसवलेलं. डावीकडे ‘कारणे’ म्हणून आठ मुद्दे, मध्ये ‘घटना’ म्हणून दहा तारखा, उजवीकडे ‘परिणाम’ म्हणून सहा मुद्दे. तीन याद्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, पण कुठल्या कारणातून कोणती घटना निघाली हे त्यात कुठेच दिसत नाही. मग परीक्षेत ‘सकारण स्पष्ट करा’ आलं की विद्यार्थ्याला यादी आठवते, दुवा आठवत नाही.

इथे १८५७च्या स्वातंत्र्यलढ्याचा धडा घेऊन हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू. आठवी आणि त्यापुढच्या विद्यार्थ्यांना हा धडा ओळखीचा असतो. तक्त्याच्या दृष्टीने तो अवघडही आहे, कारण त्याची कारणं आठ-नऊ वर्षांवर पसरलेली आहेत आणि मुख्य घटना मात्र सव्वा वर्षात दाटीने घडल्या आहेत.

कागद आणि आखणी

ए-थ्री आकाराचा कागद आडवा धरा. तो नसेल तर ए-फोरचे दोन कागद लांब बाजूने एकमेकांना चिकटवा, माप तेच येतं: रुंदी ४२ सेंटिमीटर, उंची जवळपास ३० सेंटिमीटर. चारही बाजूंनी १ सेंटिमीटर समास सोडा. उरलेल्या ४० सेंटिमीटर रुंदीत चार रकाने पाडा: काळासाठी ४ सेंटिमीटर आणि कारण, घटना, परिणाम यांना प्रत्येकी १२. वर शीर्षकाची पावणेदोन सेंटिमीटरची पट्टी ठेवा. तिच्याखाली प्रत्येकी २.२ सेंटिमीटर उंचीच्या दहा ओळी आखा. तळाशी साधारण ४ सेंटिमीटरची पट्टी मोकळी राहील. ती तशीच राहू द्या, तिचं काम पुढे आहे.

ओळीची उंची मुद्दाम कमी ठेवली आहे. २.२ सेंटिमीटरमध्ये हाताने जेमतेम तीन ओळी बसतात, त्यामुळे पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवता येत नाही, ते आटवावंच लागतं. वहीच्या उभ्या पानावर चार रकाने पाडले तर प्रत्येक रकाना चार-साडेचार सेंटिमीटरचा होतो. त्यात शब्द तुटतात आणि बाणांना जागा उरत नाही. वही उभी न धरता आडवा कागद घेण्याचं कारण एवढंच.

पहिली फेरी पेन्सिलनेच करा. पुढे सांगितलेल्या चिठ्ठ्या लावल्यावरही दोन-तीन गोष्टी जागा बदलतातच.

धडा वाचताना समासात तीन अक्षरं

धडा एकदा सलग वाचा. दुसऱ्या वाचनात पेन्सिल हातात घ्या आणि प्रत्येक तारखेला गोल करा. मग प्रत्येक परिच्छेदाच्या समासात क, घ किंवा प यांपैकी एक अक्षर लिहा: कारण, घटना, परिणाम.

इथे पहिली अडचण येते. पाठ्यपुस्तकं कारणांची मांडणी विषयवार करतात: राजकीय, आर्थिक, सामाजिक, लष्करी. ती समजायला सोपी असते, पण तिच्यात काळ मोडतो. राजकीय कारणांत १८५६चं अवध आधी येतं आणि सामाजिक कारणांत १८२९चा सतीबंदीचा कायदा नंतर येतो. वाचणाऱ्याच्या मनात मग तोच क्रम बसतो. म्हणून पुस्तकाच्या क्रमाने थेट तक्ता भरायला घेऊ नका.

त्याऐवजी रद्दी कागदाच्या वीस-बावीस चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट आणि तिचा काळ. ‘सातारा खालसा, १८४८.’ ‘मंगल पांडे, बराकपूर, २९ मार्च १८५७.’ ‘राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा, १ नोव्हेंबर १८५८.’ चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि फक्त काळाप्रमाणे वरून खाली लावा. ज्या चिठ्ठीला वर्ष लिहिता येत नाही ती बाजूला ठेवा. शेतसाऱ्याचा बोजा, कारागिरांची झालेली वाताहत, धर्म बुडवला जाईल ही भीती, अशा चार-पाच चिठ्ठ्या बाजूला निघतील. त्या चुकलेल्या नाहीत, त्या एका दिवशी घडलेल्या नाहीत इतकंच.

आधी मधला रकाना

तक्ता डावीकडून भरायला घेतला की हमखास अडतो. ‘सातारा खालसा झालं’ हे कारण लिहायचं की घटना? उठावाच्या बाजूने पाहिलं तर ते कारण आहे. पण १८४८च्या बाजूने पाहिलं तर ती एक घटना आहे आणि तिला स्वतःचं कारण आहे: दत्तक वारस नामंजूर करण्याचं डलहौसीचं धोरण.

यावर नियम एकच ठेवा. ज्याला तारीख किंवा वर्ष आहे ते मधल्या रकान्यात जाईल. ‘कारण’ आणि ‘परिणाम’ हे रकाने त्या ओळीतल्या घटनेपुरतेच असतील, सगळ्या धड्यापुरते नाहीत. मग सातारा मध्ये बसतं, त्याच्या डावीकडे धोरण येतं, आणि उजवीकडे संस्थानिकांच्या मनात बसलेली धास्ती. त्या उजव्या चौकटीतून खाली बाण काढला की तो उठावाच्या ओळीला जाऊन मिळतो. हा बाण म्हणजेच पाठ्यपुस्तकातलं ‘उठावाचं राजकीय कारण’.

मधला रकाना भरला की दहा ओळी अशा दिसतात. आशय इथे आटवून दिला आहे, तुमच्या कागदावर तो तुमच्या शब्दांत असावा.

| ओळ | काळ | कारण | घटना | परिणाम |
|---|---|---|---|---|
| १ | १८४८–१८५४ | दत्तक वारस नामंजूर करण्याचं धोरण | सातारा, झाशी, नागपूर खालसा | राजघराण्यांत असंतोष → ७, ९ |
| २ | १८५१ | दुसऱ्या बाजीरावाचा मृत्यू. वर्षाची ८ लाखांची नेमणूक पुढे चालवायला नकार | नानासाहेबांची नेमणूक बंद | नानासाहेब कंपनीविरुद्ध → ७ |
| ३ | फेब्रुवारी १८५६ | ‘गैरकारभार’ हा ठपका | अवध खालसा | तालुकदार आणि शिपायांची कुटुंबं दुखावली → ६, ७ |
| ४ | १८५६ | समुद्रापार पाठवायला सैन्य हवं | नव्या शिपायांना कुठेही जाण्याची सक्ती | धर्म आणि जात जाण्याची भीती → ५, ६ |
| ५ | २९ मार्च १८५७ | एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसांना चरबी असल्याची बातमी | बराकपूरला मंगल पांडे यांचा हल्ला | ८ एप्रिलला फाशी |
| ६ | १०–११ मे १८५७ | काडतुसं नाकारणाऱ्या ८५ घोडेस्वारांना शिक्षा | मीरतला उठाव, शिपाई दिल्लीत | बहादुरशहांच्या नावाने लढा → ७, ८ |
| ७ | जून–जुलै १८५७ | ओळी १, २, ३ + दिल्लीची बातमी | कानपूर, लखनौ, झाशी; ३१ जुलैला कोल्हापूर | लढा पसरला |
| ८ | सप्टेंबर १८५७ | इंग्रजांना पंजाबातून आलेली कुमक | दिल्ली इंग्रजांच्या ताब्यात | बहादुरशहा कैद, पुढे रंगूनला |
| ९ | मार्च–जून १८५८ | सर कॉलिन कॅम्पबेलची लखनौवरची आणि सर ह्यू रोझची मध्य भारतातली मोहीम | लखनौ, झाशी, काल्पी, ग्वाल्हेर पडले | राणी लक्ष्मीबाईंना वीरमरण |
| १० | ऑगस्ट–नोव्हेंबर १८५८ | कंपनीचा कारभार फसला असं ब्रिटिश पार्लमेंटचं मत | कारभार राणीकडे. जाहीरनामा | परत १, ४, ५ आणि ६ कडे |

ओळ ४ आणि ५ यांच्यामध्ये जाड दुहेरी रेघ मारा. तिच्या वर पाऊल वर्षांचं आहे, तिच्या खाली महिन्यांचं. ही रेघ नसेल तर चार ओळींची आठ वर्षं आणि सहा ओळींचे वीस महिने सारख्याच वेगाने गेल्यासारखे वाटतात, आणि मग अवध खालसा होऊन पंधराव्या महिन्यात मीरत पेटलं हे डोळ्यांना दिसतच नाही.

कारणाचा रकाना: ‘म्हणून’ लावून पाहा

कारण लिहिलं की लगेच ते घटनेशी ‘म्हणून’ने जोडून मोठ्याने वाचा. वाक्य जुळलं तर कारण खरं. ‘काडतुसांना चरबी होती, म्हणून मीरतला उठाव झाला.’ ऐकायला बरोबर वाटतं, पण मध्ये मोठी उडी आहे. चरबीची बातमी जानेवारीपासून फिरत होती, मग उठाव १० मे रोजीच का झाला?

त्या उडीतल्या पायऱ्या अशा आहेत. २४ एप्रिलला मीरतच्या तिसऱ्या घोडदळातल्या ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. त्यांच्यावर लष्करी खटला चालला. ९ मे रोजी सगळ्या पलटणींसमोर त्यांचे गणवेश उतरवून त्यांना बेड्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, त्यांच्या सोबत्यांनी तुरुंग फोडला आणि रातोरात दिल्लीचा रस्ता धरला. आता वाक्य नीट उभं राहतं: सोबत्यांचा जाहीर अपमान झाला, म्हणून दुसऱ्याच दिवशी मीरत पेटलं. काडतूस हे तात्कालिक कारण, पण त्याची ठिणगी पडली ती या शिक्षेने. ‘म्हणून’ला अडखळायला झालं की तिथे एक पायरी राहिली आहे असं समजा आणि पुस्तकात परत जा.

दुसरी नेहमीची चूक अवधबद्दल होते. ‘डलहौसीने सातारा, झाशी, नागपूर, अवध ही संस्थानं खालसा केली’ हे वाक्य खरं आहे, पण त्यामुळे चारही नावं एकाच कारणाखाली जातात. सातारा, झाशी आणि नागपूर दत्तक वारस नामंजूर करून घेतली गेली. अवधचा नवाब वाजिद अली शाह हयात होता, तिथे वारसाचा प्रश्नच नव्हता. ठपका होता गैरकारभाराचा. म्हणून अवधला वेगळी ओळ दिली आहे. उजवीकडचा परिणामही वेगळा आहे: कंपनीच्या बंगाल सैन्यातले कितीतरी शिपाई अवधच्या गावांतले होते. गावात जमिनीची नवी बांधणी झाली, तालुकदारांच्या जमिनी गेल्या, आणि त्याची झळ थेट छावणीपर्यंत पोचली. राजकीय, आर्थिक आणि लष्करी ही तिन्ही कारणं ज्या एका जागी एकत्र येतात ती ही ओळ. अख्ख्या तक्त्यातली सगळ्यात मोलाची चौकट कोणती, तर हीच.

कारणाच्या प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात प्रकाराचं एक अक्षर लिहा: रा, आ, सा, ल. अवधला तीन अक्षरं येतील. ‘आर्थिक कारणे सांगा’ असा प्रश्न आला की त्या अक्षरावरून नजर फिरवायची. काळाचा क्रमही राहतो आणि विषयवार मांडणीही हाताशी राहते.

बाजूला ठेवलेल्या बिनतारखेच्या चिठ्ठ्या आता तळाच्या पट्टीच्या डाव्या अर्ध्या भागात लिहा. प्रत्येकीपुढे ती ज्या ओळीला पोसते तिचा क्रमांक घाला. शेतसाऱ्याचा बोजा ७, धर्माची भीती ४ आणि ५. क्रमांक सुचला नाही तर तो मुद्दा अजून समजलेला नाही.

परिणाम दोन जातीचे असतात

काही परिणाम पुढच्या घटनेत जिरून जातात. मीरतचा परिणाम म्हणजे दिल्ली, आणि दिल्लीच्या बातमीचा परिणाम म्हणजे कानपूर. असा परिणाम पुढच्या ओळीच्या कारणात पुन्हा लिहू नका, फक्त निळा बाण काढा. तेच दोनदा लिहिलं की तक्ता भरतो आणि वाचणारा थकतो.

दुसऱ्या जातीचे परिणाम टिकून राहतात. ते बहुतेक दहाव्या ओळीत येतात आणि त्यांचा बाण खाली न जाता वर, मागे जातो. या धड्याची खरी रंगत तिथे आहे. इंग्रजांनी १८५८नंतर जे बदल केले त्यातला प्रत्येक बदल आधीच्या कुठल्यातरी कारणावरचा तोडगा होता. जाहीरनाम्यात संस्थानिकांशी झालेले करार पाळण्याचं वचन दिलं आणि पुढे दत्तकाचा हक्क मान्य केला: हा बाण ओळ १ला जातो. प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं आश्वासन दिलं: हा बाण ४ आणि ५ला. सैन्याची फेररचना केली, युरोपीय सैनिकांचं प्रमाण वाढवलं आणि तोफखाना प्रामुख्याने त्यांच्याच हाती ठेवला: हा ६ला. या मागे जाणाऱ्या बाणांना लाल रंग द्या. असे निदान तीन लाल बाण निघाले नाहीत तर परिणामाचा रकाना नुसता पुस्तकातून उतरवला आहे असं समजा.

दहाव्या ओळीत शब्दांची काळजी घ्या. २ ऑगस्ट १८५८ला पार्लमेंटच्या कायद्याला मंजुरी मिळाली आणि १ नोव्हेंबरला अलाहाबादला जाहीरनामा वाचला गेला. या दोन तारखा वेगळ्या आहेत, दोन्ही लिहा. आणि ‘कंपनी संपली’ असं न लिहिता ‘कंपनीचा कारभार संपला’ असं लिहा. कंपनी ही संस्था कागदोपत्री १८७४पर्यंत होती. लॉर्ड कॅनिंग मात्र दोन्हीकडे दिसतो: उठावाच्या काळात गव्हर्नर जनरल, जाहीरनाम्यानंतर पहिला व्हाइसरॉय. तो एकच माणूस आहे हे चौकटीत लिहून ठेवा, नाहीतर विद्यार्थी दोघं समजतात.

अपयशाची कारणं कुठे?

‘लढा का फसला’ हा भाग चुकीच्या रकान्यात जाण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. ती उठावाची कारणं नव्हेत आणि परिणामही नव्हेत. ती आठव्या आणि नवव्या ओळीच्या निकालाची कारणं आहेत. म्हणून तळाच्या पट्टीच्या उजव्या अर्ध्या भागात ती लिहा आणि प्रत्येकाला ओळीचा क्रमांक द्या. तारायंत्रामुळे इंग्रजांना बातमी लवकर मिळाली, त्यामुळे पंजाबातल्या भारतीय पलटणी वेळीच निःशस्त्र करता आल्या आणि दिल्लीकडे कुमक निघाली: ओळ ८. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूने राहिले, जून १८५८मध्ये त्यांचं सैन्य तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाईंना मिळालं तेव्हा ते आग्र्याला गेले: ओळ ९. सगळ्यांचं मिळून एक नेतृत्व नव्हतं: ८ आणि ९ दोन्ही.

कोल्हापूरची नोंद सातव्या ओळीत मुद्दाम घातली आहे. ३१ जुलैला तिथल्या सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला. ‘लढा फक्त उत्तरेत झाला’ असं वाक्य उत्तरात लिहिताना ही एक तारीख हात धरते. नेमकं लिहायचं तर असं लिहा की दक्षिणेत उठाव झाले, पण ते सुटे राहिले आणि लवकर दडपले गेले.

तारखा पुस्तकागणिक वेगळ्या दिसल्या तर

राणी लक्ष्मीबाईंच्या मृत्यूची तारीख कुठे १७ जून तर कुठे १८ जून १८५८ दिलेली असते. परीक्षेसाठी तुमच्या पाठ्यपुस्तकातली घ्या आणि दुसरी कंसात बारीक लिहा. दिल्लीबाबतही तसंच. १४ सप्टेंबरला हल्ला सुरू झाला आणि २० सप्टेंबरपर्यंत शहर पडलं. एका पुस्तकात सुरुवातीची तारीख असते, दुसऱ्यात शेवटची. अशा ठिकाणी ‘१४–२०’ असा पल्ला लिहिला की गोंधळ मिटतो.

तक्ता वापरायचा कसा

तक्ता पूर्ण व्हायला दोन बैठका लागतात. पहिल्या बैठकीत चिठ्ठ्या आणि मधला रकाना, दुसऱ्या दिवशी कारणं, परिणाम आणि बाण. एकाच बैठकीत उरकला तर बाण घाईत काढले जातात. बाण जुळले आहेत याची खात्री झाल्यावरच पेन्सिलवर पेन फिरवा.

पुठ्ठ्याची १२ सेंटिमीटर रुंद, रकान्याइतकी लांब पट्टी कापा. पहिल्या दिवशी ती परिणामाच्या रकान्यावर ठेवा, कारण आणि घटना वाचून परिणाम तोंडी सांगा. दोन दिवसांनी कारणाचा रकाना झाका. आठवड्याने मधला रकाना झाका आणि दोन्ही बाजूंवरून घटना ओळखा. हे सगळ्यात कठीण. शेवटी दहाव्या ओळीपासून वर वाचत या आणि प्रत्येक ठिकाणी ‘का?’ विचारा. जिथे उत्तर अडलं तिथे ओळीच्या क्रमांकापुढे पेन्सिलने टिंब ठेवा. पुढच्या वेळी फक्त टिंबांच्याच ओळी घ्या. तीन टिंबं झालेली ओळ पुस्तक उघडून पुन्हा वाचा. तिथे पाठांतर कमी पडलेलं नसतं, मधली एखादी पायरी तक्त्यावर आलेलीच नसते.